सिगारेट सोडली असं मी डॉक्टरांना सांगितलं होतं

भोसरी एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये मी 24 वर्षं काम करतोय. डाय, जिग, फिक्स्चर. आमच्या कामात हातात सारखा मायक्रोमीटर असतो. त्याचं मागचं रॅचेट दोन बोटांच्या चिमटीत धरून हलकं फिरवायचं, दोन-तीन टिक ऐकू आले की रीडिंग घ्यायचं. लहान पोरालाही जमेल इतकं हलकं काम. 2022च्या जुलैमध्ये ते फिरवताना उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या मुळाशी अशी कळ आली की मायक्रोमीटर सरफेस प्लेटवर आपटला. टूलरूमवाल्यांना कळेल, त्या आवाजानं सगळं डिपार्टमेंट वळून बघतं.

घराजवळच्या डॉक्टरांनी यूरिक ॲसिड म्हणून गोळ्या दिल्या आणि डाळी बंद केल्या. त्यात पाच महिने गेले. तोवर दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजली होती, मनगटं धरली होती, आणि सकाळी बाइकचा क्लच दाबला जात नव्हता. दुपारी जरा सैल पडायचं, म्हणून मीही ‘थंडीचं असेल’ म्हणत राहिलो. खरं तर हीच खूण होती. काम केल्यावर दुखतं ते झिजेचं दुखणं. झोपून उठल्यावर तासभर तरी हात लाकडासारखा राहतो आणि वापरला की सुटतो, ते आतल्या सुजेचं. हे मला डिसेंबरात डेक्कनजवळच्या संधिवाताच्या मॅडमनी सांगितलं. त्यांनी बोलता बोलता माझा पंजा हातात घेतला आणि चारही बोटांच्या मुळांची गाठ आडवी दाबली, हस्तांदोलन करताना दाबतात तशी. मी खुर्चीतून उठलोच. म्हणाल्या, “बसा. रक्त तपासू, पण मला उत्तर माहीत आहे.”

अँटी-सीसीपी नावाची तपासणी आली 200च्या वर. लॅबची मर्यादा होती 20. आरए फॅक्टरही वाढलेला. म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो. माझ्या आत्याची बोटं अशीच वाकडी झालेली मी लहानपणी पाहिली होती. ती आठवण काही बरी नव्हती.

मग प्रश्न सुरू झाले. दगडाची धूळ, सँडब्लास्टिंग असलं काही काम करता का? नाही, ते आमच्याकडे बाहेरून करून येतं. दात, हिरड्या? हिरड्यांतून रक्त येतं कधीकधी. सिगारेट? मी म्हटलं, “थोडीफार.” थोडीफार म्हणजे किती, तर दिवसाला दहा, तीही विशीतल्या शेवटापासून. त्यांनी कागदावर लिहिलं, 12 पॅक-इयर. वीस सिगारेटचं पाकीट रोज एक, असं वर्षभर ओढलं की एक पॅक-इयर. माझं अर्धं पाकीट 24 वर्षं, म्हणून 12.

मला वाटलं आता नेहमीचं भाषण येणार, फुप्फुस, कॅन्सर, मुलांकडे बघा. ते पाकिटावर छापलेलंच असतं. पण मॅडमनी वेगळंच सांगितलं. त्यांचं म्हणणं, तुमचा हा आजार बहुतेक सांध्यात सुरू झालेलाच नाही, छातीत सुरू झालाय.

ते मी माझ्या भाषेत सांगतो. शरीरातली प्रथिनं ड्रॉइंगप्रमाणे बनलेली असतात. सिगारेटच्या धुरानं फुप्फुसात सतत थोडी सूज राहते, आणि त्या सुजेत पीएडी नावाची एन्झाइम्स जास्त कामाला लागतात. ती प्रथिनातल्या आर्जिनिन नावाच्या तुकड्याचं सिट्रुलिन करून टाकतात. पार्ट तोच, फक्त एका जागी मशिनिंग बदललं. आपली प्रतिकारशक्ती म्हणजे इन्स्पेक्शनवाला. बऱ्याच लोकांचा इन्स्पेक्टर असा पार्ट बघून सोडून देतो. पण काहींकडे जन्मतः एक जीन असते, एचएलए-डीआरबी1 गटातली, तिच्यामुळे हा बदललेला पार्ट त्याच्यासमोर अगदी नीट धरला जातो. तो रिजेक्टचा शिक्का मारतो आणि त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतो. अँटी-सीसीपी म्हणजे तो शिक्का. पुढे सांध्याच्या अस्तरात कधी काही कारणानं सूज आली, तिथेही तसलेच बदललेले पार्ट तयार झाले, की हा शिक्का तिथे बसू लागतो. बोट दुखायला लागण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून या अँटिबॉडी रक्तात सापडतात. म्हणजे माझ्या मायक्रोमीटरच्या दिवसाच्या आधी चार-पाच वर्षं हे चालू असू शकेल, टपरीवर उभा राहून कटिंग पीत असताना.

स्वीडनमधल्या संशोधकांनी 2006 साली याचा हिशेब मांडला होता. ती जीन दोन्ही बाजूंनी, आईकडून आणि वडिलांकडूनही आलेली आणि वर सिगारेट, अशा माणसाला या अँटिबॉडीवाल्या आमवाताचा धोका, जीनही नाही आणि सिगारेटही नाही अशा माणसाच्या 21 पट निघाला. ऐकून मी गारच पडलो. मॅडमनी लगेच थांबवलं. हा आजार मुळात शंभरात एखाद्यालाच होतो, त्यामुळे 21 पट झाले तरी ती जीन असलेले बहुतेक सिगारेटवाले निरोगीच राहतात. माझी जीन तपासलीही नाही, तपासून उपचारात काही फरक पडत नाही म्हणून. आणि ज्यांच्या रक्तात या अँटिबॉडी नसतात त्यांच्या आमवाताचा सिगारेटशी संबंध बराच कमी दिसतो. सगळ्याच सांधेदुखीचं खापर सिगारेटवर फोडता येत नाही.

मी त्यांना शब्द दिला, बंद करतो. जानेवारी 2023मध्ये मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध सुरू झालं. आठवड्यातून एकदाच, माझा वार रविवार, आणि दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड. चिठ्ठीवर ‘रविवार’ मोठ्या अक्षरात लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या, कारण ही गोळी रोज घेतली की माणूस मरायला टेकतो. सुरुवात 15 मिलिग्रॅमनं, पुढे 20. दर महिन्याला रक्त. त्याच्याबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. सोमवारी जरा मळमळायचं, इतकंच.

सिगारेट आठ दिवस बंद होती. नवव्या दिवशी सेकंड शिफ्टचा चहा झाला, टपरीवाल्या मामांनी न विचारता नेहमीची काढून पुढे केली आणि मी घेतली. दिवसाला सहा-सातवर येऊन थांबलो. मनात म्हटलं, दहाच्या सात झाल्या म्हणजे जवळजवळ सुटलीच. डॉक्टरांना विचारल्यावर “सुटली” असं सांगितलं. घरीही तेच. टूलरूममध्ये एक मायक्रॉनचा फरक लपवला तर असेंब्लीत तो बाहेर येतोच, हे मी पोरांना शिकवतो. स्वतःला मात्र लावलं नाही.

मेमध्ये चार महिने पूर्ण झाले तेव्हा मॅडमनी सांधे मोजले. या मोजणीला डीएएस-28 म्हणतात. 28 ठरलेले सांधे दाबून किती दुखतात आणि किती सुजलेत ते बघायचं, अंगातली सूज दाखवणारी ईएसआर ही रक्ततपासणी घालायची, आणि रुग्णानं स्वतः 100पैकी किती त्रास आहे ते सांगायचं. सगळं एका सूत्रात टाकून एक आकडा येतो. 5.1च्या वर म्हणजे आजार जोरात, 3.2च्या आत म्हणजे बराच आटोक्यात, 2.6च्या खाली म्हणजे शांत. सुरुवातीला माझे 12 दुखरे, 8 सुजलेले, ईएसआर 48, त्रास 60. आकडा 6.3. मेमध्ये 8 दुखरे, 5 सुजलेले, ईएसआर 36, त्रास 50. आकडा 5.4.

मी खूश. सगळ्याच गोष्टी उतरल्या होत्या. मॅडम खूश नव्हत्या. 0.9 उतरला खरा, पण माणूस अजून 5.1च्या वर असेल आणि उतार 1.2 पर्यंतच असेल, तर त्याला प्रतिसाद धरत नाहीत. कागदावर फरक, हाताला नाही. आणि ते खरंच होतं, क्लच अजून तळहातानं दाबत होतो. चाळीस मिनिटांची राइड संपली की डावा हात बाइकवरून सोडवून घ्यावा लागायचा.

त्या म्हणाल्या, पूर्ण डोस घेऊनही इतकंच होत असेल तर पुढचं औषध बघावं लागेल. टोफासिटिनिब म्हणून तोंडानं घ्यायची गोळी आहे, आता आपल्याकडे जेनेरिकही मिळते. “तुमची सिगारेट सुटलीय ना? पक्की?” मी म्हटलं, हो.

शेजारच्या खुर्चीत बायको होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “मॅडम, यांच्या पँटच्या खिशात परवा लायटर निघालाय. मशिनमध्ये धुतला गेला.”

केबिनमध्ये एसीचा आवाज तेवढा येत होता. मी काहीतरी सारवासारव करणार होतो, पण मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “किती?” मी सांगितलं, सात. कधी आठ.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त टोफासिटिनिबच्या नावावर काट मारली. या जातीच्या गोळ्यांनी हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि काही कॅन्सर वाढल्याचं एका मोठ्या चाचणीत दिसलंय. युरोपच्या औषध नियामकानं 2022 सालीच सांगून ठेवलंय की सिगारेट ओढणाऱ्यांना, किंवा पूर्वी बरीच वर्षं ओढलेल्यांना, दुसरा मार्ग असेल तर ही गोळी देऊ नये. म्हणजे माझ्या खोट्यावर विसंबून त्यांनी मला नेमकी तीच गोळी दिली असती. शिवाय मेथोट्रेक्सेट क्वचित फुप्फुसाला बाधतं, त्याची पहिली खूण म्हणजे नवा कोरडा खोकला आणि दम. “तुम्ही मागच्या वेळी खोकल्याबद्दल बोलला होतात. मी तो औषधाचा धरून एक्स-रे काढायला लावला. तुमचा सिगारेटचा खोकला आहे हे मला माहीत हवं होतं की नको?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग त्यांनी मूळ मुद्दा काढला. त्याच स्वीडिश लोकांनी नंतर औषधांचाही हिशेब केला होता. कधीच न ओढणाऱ्यांमध्ये तीन महिन्यांत मेथोट्रेक्सेटला चांगला प्रतिसाद 36 टक्के लोकांना मिळाला, ओढणाऱ्यांमध्ये 27 टक्के. टीएनएफ हे सूज पेटवणारं द्रव्य रोखणारी महागडी इंजेक्शनं, त्यातही 43 विरुद्ध 29. पूर्वी ओढून सोडून दिलेल्यांचं मात्र न ओढणाऱ्यांसारखंच दिसलं. म्हणजे त्या गोळीऐवजी महागड्या इंजेक्शनची वाट धरली असती, तर तिथेही हेच भूत सोबत येणार होतं. असं का होतं? एकच कारण बोट ठेवून सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. धुरानं सूज पेटवणारी द्रव्यं सतत वाढलेली राहतात, एकीकडून औषध पाणी ओततंय आणि दुसरीकडून आपण रॉकेल, हा त्यातला समजेल असा भाग.

ठरलं असं: मेथोट्रेक्सेट 25 मिलिग्रॅमचं इंजेक्शन, जोडीला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासॅलाझिन, आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी. “तोवर सिगारेट सोडा. नाही सुटली तर तसं सांगा. खोटं नको, मला डोस ठरवायचा असतो.”

सोडायची पद्धत मला माहीत नव्हती, हे आता कळतंय. मला वाटायचं मनाचा हिय्या केला की झालं. छातीच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, उठल्यावर पहिली किती वेळात? मी म्हटलं, चहाच्या आधी, वीस मिनिटांत. अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल तर निकोटिनची 4 मिलिग्रॅमची च्युइंगम, नाहीतर 2ची. मला एक शंका होती: हेही निकोटिनच, मग सांध्यांना तेच नाही का? त्यावर पुन्हा स्वीडनच निघालं. तिथे ओठाखाली धरायची ओली तपकीर खूप चालते. तिच्यातून निकोटिन भरपूर जातं, पण तिच्यामुळे आमवाताचा धोका वाढलेला दिसला नाही. म्हणजे गुन्हेगार निकोटिन दिसत नाही, धूर फुप्फुसात जाणं हा मामला दिसतोय. हे मी कंपनीत सांगितलं आणि चूक केली. आमचा फोरमन तळहातावर तंबाखू-चुना मळतच म्हणाला, “मग आमचं बरंच चाललंय की!” त्याला सांगावं लागलं की स्वीडनची तपकीर निराळी, तुझी पुडी निराळी, आणि तोंडाच्या कॅन्सरला सांध्यांशी काही देणंघेणं नसतं. शिवाय हिरड्या किडल्या की त्यातला एक जंतूही प्रथिनांचं तसलंच सिट्रुलिन करतो, म्हणून मॅडमनी माझे दात आधी दुरुस्त करून घेतले होते. फोरमनला पटलं असं वाटत नाही.

च्युइंगमही मी आठवडाभर चुकीची खाल्ली. साधी खातात तशी चावत राहिलो, वर चहा. उचक्या लागायच्या, पोटात जळजळायचं आणि तलफ तशीच. ती हळू चावायची, जिभेला झणझण झाली की गालाच्या कोपऱ्यात दाबून ठेवायची, झणझण गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायची. आणि आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नाही, कारण आंबट किंवा तसल्या पेयानं तोंडातून निकोटिन शोषलंच जात नाही. म्हणजे मी चहासोबत घेत होतो ती जवळजवळ फुकट जात होती.

ते जमतंय तोवर जबडा दुखायला लागला. कानापुढची खीळ. मला वाटलं जास्त चावली असेल. मॅडमनी बोट लावून बघितलं आणि म्हणाल्या, हाही सांधाच आहे, आमवात इथेही येतो. च्युइंगम बंद, दंडावर चिकटवायची निकोटिनची पट्टी सुरू. ही गोष्ट छातीच्या डॉक्टरांच्या लक्षात येण्यासारखी नव्हती, कारण त्यांच्याकडे येणाऱ्यांचे जबडे धड असतात. ज्यांना आमवात आहे आणि सिगारेट सोडायचीय त्यांनी पट्टीचं आधीच विचारावं.

पहिले तीन आठवडे घरातल्यांनी मला सहन केलं. मी कोणावरही खेकसायचो, वजन चार किलो वाढलं, रात्री झोप लागायची नाही. पाकिटावरचा 1800-11-2356 हा नंबर मी दोनदा फिरवला. समोरच्या बाईंनी विचारलं, सगळ्यात जास्त कधी लागते? सेकंड शिफ्टच्या चहाला. मग चहाच बदला. मी टपरीऐवजी कॅन्टीनचा पांचट चहा प्यायला लागलो. गणपती विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडवर मित्रांच्या घोळक्यात तीन ओढल्या. पुढच्या भेटीत त्या तिन्ही सांगितल्या. मॅडमनी लिहून घेतलं, काही बोलल्या नाहीत.

ऑगस्टमध्ये आकडा 4.5 होता. डिसेंबरमध्ये 2 दुखरे, 1 सुजलेला, ईएसआर 18, त्रास 20. आकडा 3.4. अजून 3.2च्या बाहेर, पण महागड्या इंजेक्शनांचा विषय मागे पडला. मी विचारलं, हे सिगारेट सोडल्यामुळे झालं ना? त्या हसल्या. “डोस वाढवला, इंजेक्शन केलं, दोन गोळ्या जोडल्या आणि सिगारेट सुटली. यातलं कशानं किती, हे तुमच्या एकट्याच्या बोटांवरून मी सांगू शकत नाही.” मला हवं ते उत्तर नव्हतं. पण खोटं बोलून झाल्यावर आपल्याला खरं उत्तर मिळालं याचं नवल वाटलं.

अँटी-सीसीपी मात्र अजून 200च्या वरच आहे. ती पुन्हा पुन्हा तपासून पैसे घालवू नका, उपचार तिच्यावर मोजत नाहीत, असंही त्यांनीच सांगितलं. सिगारेट सुटली म्हणून शिक्का पुसला जात नाही.

राहिला धाकटा भाऊ. तो चिखलीला राहतो, रोज पंधरा ओढतो. आत्या तीच, जीन कदाचित तीच. त्याची अँटी-सीसीपी करावी का, असं मी विचारलं, तर काही दुखत नसेल तर नको म्हणाल्या. सोडणं एवढंच हातात आहे, आणि त्याचा फायदाही हळू येतो. अमेरिकेतल्या नर्सेसच्या दीर्घ अभ्यासात, सोडून 30 वर्षं झालेल्या बायकांना या अँटिबॉडीवाल्या आमवाताचा धोका नुकत्याच सोडलेल्यांपेक्षा सुमारे 37 टक्क्यांनी कमी होता. तीस वर्षं! भावाला सांगितलं तर म्हणाला, “दादा, तोवर मी पंचाहत्तरचा होईन.”

दिवाळीत तो आला तेव्हा हात मिळवताना मी त्याच्या बोटांची मुळं आडवी दाबली, मॅडमनी दाबली होती तशी. “काय करतोयस?” म्हणाला. दुखतंय का? नाही. सकाळी उठल्यावर हात आखडतात? नाही. आखडले आणि अर्ध्या-पाऊण तासात सुटले नाहीत, तर यूरिक ॲसिड करत बसू नकोस, सरळ मला फोन कर, असं त्याला सांगितलं. तो बरं म्हणाला आणि लाडू तोंडात टाकून गॅलरीत गेला. लायटरचा आवाज मला आतून ऐकू आला.